फोटोतलं पोस्टर अरबीत आणताना

आखातात राहणाऱ्या मराठी मंडळींना हे काम कधी ना कधी करावंच लागतं. मंडळाचा कार्यक्रम ठरतो, मराठी किंवा इंग्रजी पोस्टर तयार होतं, आणि मग कोणीतरी म्हणतं की सभागृहाच्या व्यवस्थापनाला, कचेरीतल्या अरब सहकाऱ्यांना आणि शेजाऱ्यांना बोलवायचं तर अरबी पोस्टरही हवं. हाताशी असतो तो भिंतीवरच्या पोस्टरचा फोनवर काढलेला फोटो. मूळ फाइल डिझायनरकडे असते आणि तो सुट्टीवर भारतात गेलेला असतो. हा लेख त्या एका फोटोवरून नेटकं अरबी पोस्टर कसं उभं करावं, याबद्दल आहे.

पोस्टरवर दोन प्रकारचा मजकूर असतो. वार, तारीख, वेळ, जागा आणि तिकिटांचे दर हा पहिला प्रकार. त्यात अक्षराचाही फरक चालत नाही. शीर्षक, आमंत्रण आणि आवाहन हा दुसरा प्रकार. तो शब्दाला शब्द ठेवून उतरवला तर अरबीत निर्जीव होतो, म्हणून तो नव्यानेच लिहावा लागतो. आधी पहिला प्रकार पक्का करावा, त्याला कुलूप लावावं, आणि मगच दुसऱ्याला हात घालावा. उलट क्रमाने काम केलं की सुंदर ओळीच्या नादात दर चुकतो.

समजुतीसाठी या लेखापुरतं एक पोस्टर कल्पू. दुबईतल्या एका मंडळाची नाट्यपदांची मैफल आहे. वर मोठ्या अक्षरांत ‘रसिकहो, दिवाळीनिमित्त खास आपल्यासाठी, अजरामर नाट्यपदांची सुरेल मैफल’. खाली ‘शनिवार, १४ नोव्हेंबर २०२६, सायंकाळी ठीक ६.३० वाजता, दरवाजे ५.४५ला उघडतील’. जागा, ऊद मेथा भागातल्या एका शाळेचं सभागृह, मेट्रो स्थानकाजवळ. मग ‘देणगी प्रवेशिका’ असा मथळा आणि चार दर: व्हीआयपी २०० दिरहम, पहिल्या दोन रांगा, अल्पोपाहारासह, गोल्ड १२०, सिल्व्हर ७५, जनरल ५०. तळाशी बारीक अक्षरांत ‘५ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, पार्किंग मोफत, आजच आपली जागा राखून ठेवा’. सिल्व्हरच्या ओळीवर कोणीतरी लाल कागदाची ‘हाउसफुल’ पट्टी चिकटवलेली आहे, आणि तिच्याखाली दराचा अर्धा आकडा गेला आहे.

फोटो वाचणं हेच पहिलं खरं काम. पोस्टर लॅमिनेट केलेलं असेल तर दिव्याचा झोत नेमका आकड्यांवर पडतो, तिरकं उभं राहून फोटो काढला असेल तर खालच्या ओळी दबून जातात. पुन्हा जाऊन फोटो काढता येत असेल तर फ्लॅश बंद ठेवा, पोस्टरसमोर सरळ उभे राहा, चारही कडा दिसतील असा एक फोटो घ्या, आणि तारखेचा, दरांचा व तळाच्या बारीक ओळींचा प्रत्येकी एक जवळून फोटो घ्या. तेवढ्याने अर्ध्या शंका संपतात. जाता येत नसेल तर आहे त्या फोटोवरून सगळा मजकूर मूळ भाषेतच, ओळीला ओळ ठेवून उतरवून घ्या. थेट फोटोवरून अरबी लिहायला बसू नका. जे वाचता येत नाही तिथे मोकळी चौकट ठेवा आणि ती भरण्यासाठी आयोजकांना फोन करा. वर १२० आणि खाली ५० आहेत म्हणजे मधला ७५ किंवा ८० असणार, असा अंदाज बांधून चौकट भरणं सगळ्यात धोक्याचं, कारण तो अंदाज पटण्यासारखा असतो आणि म्हणूनच पुढे कोणी तपासत नाही.

तारखेपुरती मात्र पोस्टरमध्येच एक पडताळणी असते, ती म्हणजे वार. आपल्या फोटोत चकाकीमुळे १४ आहे की १९ हे कळत नाही असं धरा. २०२६च्या नोव्हेंबरात १४ तारखेला शनिवार येतो आणि १९ला गुरुवार. पोस्टरवर शनिवार स्पष्ट दिसतो, म्हणजे १४. दिवाळीही त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे पुढचा शनिवार हा सोयीचाच दिवस. वार आणि तारीख जुळत नसतील तर दोन्हींपैकी काय बरोबर हे तुम्ही ठरवू नका. पोस्टरवरच चूक असू शकते, आणि ती आयोजकांना वेळेत कळवणं ही अनुवादकाची मोठी मदत आहे. ‘हाउसफुल’च्या पट्टीबद्दलही विचारूनच घ्यावं. सिल्व्हर प्रवेशिका खरोखर संपल्या आहेत, की ती पट्टी आधीच्या एखाद्या प्रयोगाची राहिली आहे, हे फोटोवरून कळत नाही. आपल्या उदाहरणात आयोजक सांगतात की दर ७५ आहे आणि प्रवेशिका संपल्या आहेत.

आता अरबी कुठली, हे ठरवायचं. लेखी प्रमाण अरबी सगळीकडे एकच असली तरी महिन्यांची नावं देशागणिक बदलतात. अमिरातीत, सौदीत आणि इजिप्तमध्ये ‘नूफंबर’ म्हणतात. सीरिया, लेबनॉन, जॉर्डन आणि इराकमध्ये त्याच महिन्याला ‘तिशरीन अस्-सानी’ म्हणतात, मोरोक्कोत ‘नुवंबिर’. दुबईतल्या पोस्टरवर ‘नूफंबर’ हेच बरोबर. शब्दकोशातून किंवा बैरुतच्या एखाद्या वर्तमानपत्रातून उचललेलं नाव चूक नसतं, पण दुबईचा वाचक त्यावर क्षणभर अडखळतो, आणि पोस्टरवर कोणी अडखळायला नको. सौदीतल्या कार्यक्रमासाठी आयोजक हिजरी तारीखही मागतील. ती त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी, स्वतः रूपांतर करू नये. हिजरी महिन्याचा आरंभ चंद्रावर ठरतो, त्यामुळे एका दिवसाचा फरक सहज पडतो.

तारीख आकडे आणि तिरक्या रेघांनी न लिहिता शब्दात लिहावी: ‘अस्-सब्त १४ नूफंबर २०२६’. ५/१२ला कोणी पाच डिसेंबर वाचतं, तर कोणी बारा मे. महिन्याचं नाव आलं की हा प्रश्नच उरत नाही. वेळेचंही तसंच. ‘सायंकाळी’साठी ‘मसाअन’ हा शब्द आकड्यापुढे पुरतो. ‘ठीक ६.३०’ मधल्या ‘ठीक’ला अरबीत ‘फी तमाम अस्-साआ’ असा रूढ प्रयोग आहे, पण तो लांब आहे. खाली दरवाजे ५.४५ला उघडतील असं लिहिलेलंच असल्यामुळे मी तो गाळतो. उशिरा येणाऱ्यांना मध्यंतरापर्यंत थांबवणार असतील तर मात्र तो ठेवावा, आणि तसं स्पष्ट लिहावं.

आकडे कुठल्या लिपीत लिहायचे, हाही प्रश्न येतो. इजिप्त, सौदी, इराक या भागांत पूर्वेकडचे अरबी आकडे खूप दिसतात, अमिरातीत आणि मोरोक्को-अल्जीरियाच्या पट्ट्यात आपल्या ओळखीचे पाश्चात्त्य आकडे. अरबी आकड्यांत पाचाची खूण गोल असते, शून्याची नुसता ठिपका. त्यामुळे मराठी डोळ्याला ५० हा आकडा शून्यापुढे ठिपका असा दिसतो, आणि अरबी न वाचणारा डिझायनर तो ठिपका शाईचा डाग समजून पुसूही शकतो. दुबईच्या पोस्टरवर पाश्चात्त्य आकडेच वापरावेत. एकाच पोस्टरवर दोन्ही मिसळू नयेत.

जागेच्या नावाचं उच्चारावरून लिप्यंतर करायला घेतलं की चुका सुरू होतात. इंग्रजी पाट्यांवर जे ‘शारजा’ वाचतो ते अरबीत ‘अश्-शारिका’ आहे. त्यात ‘ज’ नाहीच. ‘बर दुबई’चं इंग्रजी स्पेलिंग बघून कोणी ‘बूर’ लिहितं, पण अरबीत फक्त ‘ब’ आणि ‘र’. आपल्या पोस्टरवरचं ‘ऊद मेथा’ अरबीत ‘थ’च्या जागी ‘सा’ या अक्षराने लिहितात आणि शेवटी हम्झा येतो. ही नावं आपण ठरवायची नसतात. ती रस्त्यावरच्या आणि मेट्रोच्या द्विभाषिक पाट्यांवर छापलेली आहेत, तिथूनच घ्यावीत. ऊद मेथा हे दुबई मेट्रोच्या हिरव्या मार्गावरचं स्थानक आहे. तेव्हा ‘कुर्ब महत्तत मिट्रू ऊद मीसा’, म्हणजे ऊद मेथा मेट्रो स्थानकाजवळ, एवढं लिहिलं की पत्त्याची लांबलचक ओळ गाळता येते. पाहुणा पत्ता वाचून येत नाही, खूण शोधून येतो. सभागृहाचं अरबी नाव सभागृहाच्याच कागदावरून किंवा दरवाजावरच्या पाटीवरून घ्यावं. काही ठिकाणी ते ‘काआ’ म्हणजे सभागृह असतं, काही ठिकाणी ‘मसरह’ म्हणजे नाट्यगृह.

कलाकारांची नावं याच्या उलट आहेत. त्यांना छापील अरबी रूप बहुधा नसतं, म्हणून लिप्यंतर करावंच लागतं. अरबीत ‘प’, ‘च’ आणि मूर्धन्य ‘ट’, ‘ड’ यांना अक्षरं नाहीत. ‘प’ला ‘ब’, ‘च’ला ‘त’ आणि ‘श’ जोडून, ‘ट’ला ‘त’ हे ठरलेले पर्याय आहेत. ‘ग’चं जरा अवघड आहे: इजिप्तमध्ये जीमला ‘ग’ वाचतात, इतरत्र बहुधा ‘ज’. आखातातल्या पोस्टरवर ‘गैन’ सोयीचं पडतं. काहीही निवडा, पण एकच नाव शीर्षकात एका रूपात आणि खाली दुसऱ्या रूपात येऊ देऊ नका. कलाकाराचं अरबी नाव आधी कुठे छापलं गेलं असेल तर तेच वापरा, म्हणजे लोकांना ते शोधता येईल.

आता दर. इथे आपल्या पोस्टरवरच्या मथळ्याकडे थांबून बघायला हवं. ‘देणगी प्रवेशिका’ हा आपल्या नाट्यव्यवहारातला जुना, निरुपद्रवी शब्द आहे. महाराष्ट्रात तो वाचून कोणी वर्गणी गोळा होते आहे असं समजत नाही, तिकीटच समजतं. पण अरबीत त्याचं ‘तबर्रु’ केलं की सरळ अर्थ होतो निधिसंकलन. अमिरातीत देणग्या गोळा करण्यावर २०२१च्या संघीय कायद्याने निर्बंध आहेत, आणि परवानगी नसलेल्या व्यक्ती वा संस्थेने देणगी मागणं हा गुन्हा आहे. एका प्रामाणिक मैफलीच्या पोस्टरवर हा शब्द छापला गेला तर मंडळाला उगाच खुलासे द्यावे लागतील. अरबीत तिथे ‘तझाकिर’, म्हणजे तिकिटं, हाच शब्द हवा. आणि कार्यक्रम खरोखरच कुणाच्या मदतीसाठी असेल, तर अनुवाद थांबवून परवानगी कोणाच्या नावावर आहे ते आयोजकांना आधी विचारा.

श्रेण्यांच्या नावांत व्याकरण आड येतं. अरबीत विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे चालतं. ‘फिआ’ म्हणजे श्रेणी आणि ‘तझ्किरा’ म्हणजे तिकीट हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, म्हणून ‘अझ्-झहबिय्या’ म्हणजे सोनेरी, ‘अल्-फिद्दिय्या’ म्हणजे चंदेरी. बरीच घाईत केलेली पोस्टरं एका ओळीत ‘झहबी’ आणि पुढच्या ओळीत ‘फिद्दिय्या’ लिहितात. वर ‘फिआत अत्-तझाकिर’ हा मथळा एकदा द्यावा आणि खाली सगळी विशेषणं स्त्रीलिंगी ठेवावीत. जनरलसाठी ‘अल्-आम्मा’. व्हीआयपीसाठी ‘किबार अश्-शख्सिय्यात’ हा रूढ शब्दप्रयोग आहे. तो लांब आहे, पण व्हीआयपीचा उच्चार अरबी अक्षरांत लिहिण्यापेक्षा चांगला. जागा अगदीच कमी असेल तर रोमन अक्षरांतला व्हीआयपीही आखातात सगळे वाचतात. व्हीआयपीत काय मिळतं तेही हवं: ‘पहिल्या दोन रांगा, अल्पोपाहारासह’. अरबीत द्विवचन असल्यामुळे ‘दोन’ हा शब्द लागतच नाही, ‘अस्-सफ्फान अल्-अव्वलान’ एवढ्यात काम होतं. अल्पोपाहाराला ‘दियाफा खफीफा’ म्हणावं. त्यात पाहुणचाराची ऊब आहे, आणि आखातात हाच शब्द चालतो.

चलनाच्या शब्दात आणखी एक खोच आहे. अरबीत आकड्यापुढचं नाम आकड्यानुसार बदलतं: तीन ते दहापर्यंत अनेकवचन, अकरा ते नव्व्याण्णवला एकवचनाचं वेगळं रूप, शंभराला पुन्हा तिसरं. म्हणजे आपल्या चार दरांत ‘दिरहम’ हा शब्द शुद्ध लिहायचा तर ५०, ७५ आणि १२०ला एक रूप, २००ला दुसरं. ते शुद्ध असलं तरी तक्त्यात विजोड दिसतं, आणि सगळीकडे एकच रूप ठेवलं तर व्याकरणाच्या जाणकाराला खटकतं. दोन्हींवर सोपा तोडगा असा की चलन मथळ्यातच एकदा सांगून टाकावं, ‘बिद्-दिरहम’, म्हणजे दिरहममध्ये, आणि खाली नुसते आकडे द्यावेत. पोस्टर मोकळं होतं, दर लांबून दिसतात आणि व्याकरणही बिनचूक राहतं. दिरहमचं नवं चिन्ह मध्यवर्ती बँकेने मार्च २०२५मध्ये जाहीर केलं, पण डिझायनरच्या फॉन्टमध्ये ते नसेल तर त्याजागी रिकामी चौकट छापली जाते. शब्दात तो धोका नाही. दरात मूल्यवर्धित कर धरला आहे की नाही, हे मूळ पोस्टर सांगत नसेल तर अरबीतही सांगू नये.

‘हाउसफुल’साठी ‘नफिदत’, म्हणजे संपली. या शब्दाचं तिसरं मूळ अक्षर बिनठिपक्याचा दाल आहे. त्यावर एक ठिपका पडला की तो झाल होतो, आणि अर्थ होतो ‘आरपार गेली’. ही चूक अरब लोकही करतात, पण छापील पोस्टरवर ती ढळढळीत दिसते. संपलेल्या श्रेणीची ओळ काढून टाकू नये. एक श्रेणी संपली आहे हे दिसलं की बाकीची तिकिटं लवकर घ्यावीत असं वाचणाऱ्याला आपोआप वाटतं, आणि दारावर येऊन सिल्व्हर मागणाऱ्याची निराशाही टळते.

तथ्यं पक्की झाली, आता शीर्षक. ‘नाट्यपदांची मैफल’ याचं अक्षरशः अरबी करायला गेलं की ‘नाटकातल्या गाण्यांची बैठक’ असं काहीतरी हाती येतं, आणि वाचणाऱ्याला त्यातून काहीच दिसत नाही. अरबांना मात्र संगीत नाटक परकं नाही. कैरोत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सलामा हिजाझी आणि सय्यद दरवीश यांनी गाण्यांनी भरलेली नाटकं रंगभूमीवर आणली, आणि त्या प्रकाराला अरबीत ‘अल्-मसरह अल्-गिनाई’ असं पक्कं नाव आहे. पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०मध्ये ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं, तिथून चालत आलेली आपली परंपरा त्याच जातकुळीची. तेव्हा ‘उम्सिया मिन अल्-मसरह अल्-गिनाई अल्-मराथी’, म्हणजे मराठी संगीत रंगभूमीची एक संध्याकाळ, असं शीर्षक दिलं की अरब वाचकाला दारातच ओळख पटते. ‘उम्सिया’ हा संध्याकाळच्या काव्य-संगीताच्या कार्यक्रमासाठीचा त्यांचा नेहमीचा शब्द आहे; ‘मैफल’चा भाव त्यात बराचसा येतो.

‘रसिकहो’, ‘खास आपल्यासाठी’, ‘सुरेल’ हे तिन्ही मी सोडून देतो. मराठीत ते आपुलकीने येतात, पण अरबी पोस्टरवर ते एकापुढे एक रचले की शीर्षक दोन ओळींचं चार ओळींचं होतं. ‘अजरामर’ मात्र ठेवायचा. त्याला ‘खालिदा’ हा घाटदार शब्द आहे: ‘अगानिन खालिदा’, अमर गाणी. दिवाळीला ‘दिवाली’ असंच लिहावं, ‘इहतिफाअन बि-दिवाली’, दिवाळी साजरी करताना. ‘ईद’ हा शब्द मी तिथे वापरत नाही. अमिरातीतल्या वाचकाच्या मनात तो आधी त्याच्या दोन ईदच आणतो.

तळाच्या ओळींत नकारापेक्षा होकार बरा. ‘५ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही’ हे ‘लिल्-अअमार मिन ५ सनवात फ-मा फौक’ असं होतं: वय ५ आणि त्यापुढे. अर्थ तोच राहतो, आणि पाच वर्षं पुरी झालेलं मूल आत येऊ शकतं हेही नेमकं कळतं. इथेच ‘५ वर्षांच्या वर’ असं ढोबळ लिहिलं असतं तर पाच वर्षांच्या मुलाचे आईवडील दारावर वाद घालत बसले असते. आवाहनात एकवचनी ‘इहजिझ’ हा पुरुषाला उद्देशून आहे. सहकुटुंब येणाऱ्या लोकांसाठी अनेकवचनी ‘इहजिझू मकाइदकुम अल्-आन’, तुमच्या जागा आताच राखा, हे जास्त सभ्य आणि सगळ्यांना सामावणारं. पार्किंगला आखातात ‘मवाकिफ’ म्हणतात.

इतकं झाल्यावर आपल्या फोटोतल्या पोस्टरचा अरबी मजकूर असा उभा राहतो:

```
أمسية من المسرح الغنائي الماراثي
أغانٍ خالدة احتفاءً بديوالي

السبت 14 نوفمبر 2026
6:30 مساءً (تُفتح الأبواب 5:45)
قاعة المدرسة، عود ميثاء، دبي
قرب محطة مترو عود ميثاء

فئات التذاكر (بالدرهم)
كبار الشخصيات  200
الصفّان الأولان مع ضيافة خفيفة
الذهبية  120
الفضية  75 (نفدت)
العامة  50

للأعمار من 5 سنوات فما فوق
مواقف مجانية
احجزوا مقاعدكم الآن
```

स्वरचिन्हं जिथे वाचन अडतं तिथेच दिली आहेत. सगळीकडे दिली तर पोस्टर शाळेच्या पुस्तकासारखं दिसतं.

हा मजकूर डिझायनरकडे गेल्यावर दुसरा अर्धा धोका सुरू होतो, कारण तो बहुधा अरबी वाचत नाही. अरबीला पाठिंबा नसलेल्या किंवा तशी सेटिंग न केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं सुटी पडतात आणि शब्द उलटे लागतात. अरबीत ‘उम्सिया’सारख्या शब्दाची बहुतेक अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात. पोस्टरवर प्रत्येक अक्षर वेगळं उभं दिसलं तर ते निश्चित मोडलं आहे, आणि हे अरबी न येणाऱ्यालाही दिसतं. म्हणून डिझायनरला मजकुरासोबत त्याचं बरोबर दिसणारं चित्र किंवा पीडीएफ द्या आणि आकार ताडून बघायला सांगा. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची सोय अरबीवर वापरायची नाही. त्याने जोड तुटतात. ओळ भरण्यासाठी अक्षरांची रेघ लांबवण्याची अरबीची स्वतःची रीत आहे, तिला कशीदा म्हणतात. ती शीर्षकात शोभते, दरांच्या तक्त्यात नको.

मांडणीही उजवीकडून सुरू व्हायला हवी. तक्त्यात श्रेणीचं नाव उजव्या बाजूला आणि दर डाव्या बाजूला. मराठी पोस्टरचाच साचा ठेवून नुसते शब्द बदलले तर अरब वाचकाला आधी आकडा दिसतो आणि मग तो कशाचा हे शोधावं लागतं. लोगो आणि छायाचित्रं मात्र आरशासारखी उलटवायची नाहीत. तबला आणि डग्ग्याची अदलाबदल होते.

आकड्यांची दिशा हा सगळ्यात फसवा भाग. अरबी मजकुरात आकडे डावीकडून उजवीकडे राहतात, पण त्यांच्यातल्या खुणा कुठे जातील हे आजूबाजूच्या अक्षरांवर ठरतं. अरबी शब्दापुढे `14-11-2026` टाइप केलं तर पडद्यावर ते `2026-11-14` असं उलटलेलं दिसू शकतं. फोन नंबरातलं अधिकचिन्ह उडी मारून दुसऱ्या टोकाला जातं आणि `+971` हे `971+` होतं. वेळेच्या किंवा वयाच्या दोन आकड्यांमधल्या आडव्या रेघेनेही तोच घोटाळा होतो. म्हणून तारखेत महिन्याचं नाव, आणि दोन आकड्यांच्या मध्ये रेघेऐवजी ‘मिन’ आणि ‘इला’, म्हणजे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. फोन नंबराच्या आधी डावीकडून-उजवीकडे दिशा सांगणारं `U+200E` हे अदृश्य चिन्ह घातलं की अधिकचिन्ह जागेवर राहतं. छापायला देताना सगळा मजकूर आकृतीत रूपांतरित करून दिला तर छापखान्याच्या संगणकावर पुन्हा काही हलत नाही. मात्र त्यानंतर दुरुस्ती करता येत नाही, म्हणून ते तपासणीनंतरच करावं.

तपासणी अशी करावी. ज्याने मूळ पोस्टर पाहिलेलं नाही अशा अरबी वाचणाऱ्या माणसाला डिझायनरची शेवटची फाइल दाखवावी आणि त्याच्याकडून सहा गोष्टी मोठ्याने वदवून घ्याव्यात: वार, तारीख, वेळ, जागा, चारही दर, आणि कुठली श्रेणी संपली. तुमच्या हातात तेव्हा फोटो आणि आयोजकांनी भरून दिलेल्या चौकटी असाव्यात, अरबी मजकूर नसावा. अरबी मजकूर समोर असला की डोळा तोच पुन्हा बरोबर वाचतो. त्या माणसाला आणखी एक प्रश्न विचारावा: या कार्यक्रमात नेमकं काय होणार आहे? ‘नाटकातली गाणी गातील’ असं उत्तर आलं तर शीर्षक जमलं. ‘नाटक आहे’ असं आलं तर खालच्या ‘अगानिन खालिदा’चा आकार मोठा करावा, म्हणजे गाणं आधी दिसेल.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची प्रत वेगळी बनवा. तिथे चित्र आकुंचित होतं आणि बारीक अरबी अक्षरांचे ठिपके आधी पुसले जातात, मग ‘नफिदत’सारख्या शब्दाला अर्थच उरत नाही. छोट्या प्रतीत शीर्षक, वार-तारीख-वेळ, जागा आणि दर एवढंच मोठ्या अक्षरांत ठेवा. आणि सिल्व्हरपाठोपाठ गोल्डही संपलं तर अरबी पोस्टरवरही त्याच दिवशी ‘नफिदत’ लिहा. मराठी पोस्टरवर पट्टी चिकटवणारा माणूस अरबी पोस्टरकडे जाणार नाही, ते काम तुम्हीच कोणाला तरी सांगून ठेवायला हवं.